कानामागचं मशीन पहिल्यांदाच लावलंय? पहिला दीड महिना असा काढा

पहिल्या दिवशी तुमच्या कानाला लावलेलं मशीन पूर्ण आवाजावर नसतं. ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख. त्याप्रमाणे तुम्हाला जेवढा आवाज लागतो, त्याच्यापेक्षा थोडा कमीच आम्ही मुद्दाम ठेवतो आणि पुढच्या दोन-तीन भेटींत तो वाढवत नेतो. हे ठाऊक नसलं की माणूस आठवड्याभरात ठरवून टाकतो, "एवढे पैसे घातले, पण काय उपयोग नाही." मग मशीन डबीत आणि डबी कपाटात. सांगली-मिरजेत असो की कराड-साताऱ्यात, मशीन बिघडून बंद पडल्याचं मी जेवढं पाहिलंय, त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ते बिघडलेलं नसताना बंद पडून राहिलेलं पाहिलंय. त्यामुळे या दीड महिन्यात दोनच कामं करायची आहेत: मशीन रोज घालायचं, आणि जे खटकेल ते नीट सांगता येईल असं लिहून ठेवायचं.

इथली माहिती कानामागे बसणाऱ्या, पारदर्शक नळी आणि कानाच्या मापाचा साचा असलेल्या मशीनबद्दल आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक आजी-आजोबांना आम्ही हेच लावतो, कारण ते हाताळायला सोपं आणि दणकट असतं. बारीक वायर आणि रबरी टोपी असलेलं मशीन असेल तरी बरंचसं लागू पडेल. त्यात नळीऐवजी टोकाची मळाची जाळी बदलावी लागते, एवढा फरक.

ऐकू येतं, पण समजत नाही

वयाने ऐकणं कमी होतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. जाड, घुमणारे आवाज बऱ्यापैकी येत राहतात आणि बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, पण शब्द ओळखू येतो तो स, श, फ, त, क यांसारख्या व्यंजनांवरून, आणि ती नेमकी बारीक आवाजात मोडतात. म्हणून 'सात' म्हटलं की 'हात' ऐकू येतं, कुणीतरी बोलतंय हे कळतं पण काय ते कळत नाही. घरच्यांना वाटतं, आजोबांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं. तसं नसतं. मशीनचं मुख्य काम हे बारीक आवाज परत आणून देण्याचं आहे, आणि सुरुवातीला त्रास होतो तोही त्यांचाच. वर्षानुवर्षं न ऐकलेली भांड्यांची खणखण, नळाचं पाणी, वर्तमानपत्राची सळसळ एकदम कानावर येते. त्यातलं कशाकडे लक्ष द्यायचं आणि काय सोडून द्यायचं, हे मेंदूला पुन्हा बसवायला वेळ लागतो, आणि तो वेळ मशीन कानात असतानाच मोजला जातो.

घालायचं कसं

लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. नीट दिसत नसेल तर मुलाला किंवा सुनेला सांगून उजव्या मशीनवर नेलपॉलिशचा ठिपका लावून घ्या. मात्र माईकच्या बारीक छिद्रांपासून लांब. सुरुवातीला पलंगावर किंवा गादीवर बसून घाला. हातातून निसटलं तरी फरशीवर आपटत नाही.

आधी साचा कानात, मग मशीन कानामागे. उलटं केलं की नळीला पीळ बसतो. साचा अंगठा आणि पहिल्या बोटात धरा, टोक कानाच्या भोकात घाला आणि साचा थोडा मागे फिरवत आत दाबा. दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढला की भोक सरळ होतं आणि साचा सहज बसतो. आता वरचा भाग तपासा. साच्याचं वरचं टोक कानाच्या वरच्या घडीत शिरलेलं असलं पाहिजे. शिट्टी वाजते त्यातल्या बहुतेक वेळा हेच टोक बाहेर राहिलेलं असतं. काढताना नळी धरून कधीही ओढू नका, साचा धरून काढा. चष्मा काढताना दोन्ही हातांनी समोरून काढा, नाहीतर काडीबरोबर मशीनही येतं.

पहिले सहा आठवडे

पहिले तीन-चार दिवस घरातच, शांत वेळी, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास घाला. टीव्ही बंद. एकाच माणसाशी समोरासमोर बोला आणि थोडा वेळ मोठ्याने पेपर वाचा. मोठ्याने वाचणं महत्त्वाचं आहे, कारण स्वतःच्या आवाजाची सवय दुसऱ्या कशाने होत नाही. घरातून एक फेरी मारा आणि प्रत्येक आवाज कशाचा ते शोधा. फ्रिजची घरघर, घड्याळाची टिकटिक, बाहेरचा दूधवाला. कशाचा आवाज हे एकदा कळलं की तो आवाज छळायचा कमी होतो.

पहिला आठवडा संपेपर्यंत सहा तासांवर जा. दुसऱ्या आठवड्यात जेवताना दोघा-तिघांत घाला आणि बातम्या लावा. बातम्यांपासून सुरुवात करायची, मालिकांपासून नाही. मालिकेत मागे संगीत असतं आणि लोक एकमेकांवर बोलतात. तिसऱ्या आठवड्यात बाहेर पडा: सकाळचं फिरणं, शेजारी, कोपऱ्यावरचं दुकान. तोवर उठल्यापासून झोपेपर्यंत मशीन कानात राहायला हवं. आंघोळ आणि दुपारची झोप तेवढी वगळायची. एसटी स्टँड, मंडई आणि लग्नाचा हॉल सगळ्यात शेवटी. पहिल्याच आठवड्यात नातवाच्या लग्नात मशीन घालून जाणाऱ्याला मी नेहमी थांबवतो. ज्या जागी तरुण, धडधाकट कानालाही नीट ऐकू येत नाही, तिथे नव्या मशीनची परीक्षा कशाला?

थकवा आला, डोकं जड झालं तर अर्धा तास काढा आणि पुन्हा घाला. पण "आज राहू दे" असं लागोपाठ दोन दिवस म्हणू नका. आजकालच्या बऱ्याच मशीनमध्ये ते रोज सरासरी किती तास चालू होतं याची नोंद राहते आणि ती आम्हाला संगणकावर दिसते. ती आम्ही रागवायला बघत नाही. रोज दोन तास घातलेल्या मशीनबद्दलची तक्रार आणि दहा तास घातलेल्या मशीनबद्दलची तक्रार यांचा इलाज वेगळा असतो.

एका आजोबांची वही

तासगावकडचे एक आजोबा, वय चौऱ्याहत्तर. जाड आवाजात कमी प्रमाणात आणि बारीक आवाजात बरंच जास्त, असं दोन्ही कानांचं ऐकणं कमी झालेलं. वयाने होतं तसंच. दोन्ही कानांना मशीन लावलं आणि बरोबर एक छोटी वही दिली. त्यात रोज एक-दोन ओळी लिहायच्या: कुठे होतो, कोण बोलत होतं, काय खटकलं. 'त्रास होतो' एवढंच लिहायचं नाही, असं बजावलं होतं.

पहिल्या भेटीत वहीत तीन गोष्टी निघाल्या. माझाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. सून भांडी घासते तेव्हा कानात सुया टोचतात. डाव्या कानाला वरच्या बाजूला दुखतं.

आपला आवाज घुमण्याची कारणं दोन असू शकतात, आणि त्यांतलं कोणतं हे घरीही ओळखता येतं. मशीन कानातच ठेवा, ते बंद करा आणि मोठ्याने "ई" म्हणा. बंद असतानाही आवाज तेवढाच घुमत असेल तर दोष साच्याचा. कान बुजला की हाडांतून आलेला आपलाच आवाज आत अडकतो. मशीन बंद केल्यावर घुमणं गेलं तर जाड आवाज गरजेपेक्षा जास्त वाढवलेले आहेत, ते संगणकावर कमी करता येतात. आजोबांचं घुमणं मशीन बंद असतानाही होतं. म्हणून साच्यातलं हवेचं छिद्र एक मिलिमीटरवरून दोनवर नेलं आणि तिथल्या तिथे फरक पडला. पण हे हवं तेवढं मोठं करता येत नाही. छिद्र मोठं झालं की आवाज त्यातून बाहेर येतो, माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजायला लागते. ऐकणं फारच कमी असेल तर थोडं घुमणं सोसावं लागतं. त्याची सवय होते.

भांड्यांच्या बाबतीत लोक चटकन म्हणतात, "आवाज कमी करून द्या." सगळा आवाज कमी केला की भांडी गप्प होतात आणि त्यांच्याबरोबर सुनेचे शब्दही जातात. दणक्याच्या आवाजाला मशीनमध्ये वेगळी वरची मर्यादा घालता येते. आजोबांच्या मशीनमध्ये ती खाली आणली, बोलण्याच्या आवाजाला हात लावला नाही. म्हणूनच तक्रार सांगताना नक्की कोणता आवाज टोचतो, अचानक येणारा की सतत चालणारा, हे सांगा.

दुखण्याचं काम सगळ्यात सोपं होतं. साचा एका जागी दाबत होता, ती जागा घासून दिली. पाच मिनिटं लागली. पण त्यासाठी कानावरची लाली दिसावी लागते, म्हणून भेटीच्या दिवशी दोन-तीन तास मशीन घालूनच या. घरी ब्लेडने किंवा पॉलिशपेपरने साचा घासायचा नाही. एकदा जास्त घासला गेला की तो कानात बसत नाही आणि नवीन करावा लागतो.

तिसऱ्या आठवड्यात आवाज थोडा वाढवला. पाचव्या आठवड्याच्या वहीत एक वेगळीच ओळ होती: घरात सगळं कळतंय, पण सोसायटीच्या मीटिंगला काही कळलं नाही. याला काही अंशी इलाज आहे. समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेणारा प्रोग्राम चालू करून दिला आणि बसायची जागा बदलायला सांगितली: भिंतीकडे पाठ करून, बोलणाऱ्यापासून चार-पाच फुटांत, तोंड दिसेल असं बसायचं. तरीही वीस माणसं एकदम बोलत असतील तर कोणतंही मशीन त्यातला एकच आवाज वेगळा काढून देत नाही. जो दुकानदार तशी खात्री देतो, त्याच्याकडून मशीन घेताना दोनदा विचार करा.

विचारण्यासारखी अजून एक गोष्ट आहे. मशीन कानात असताना कानाच्या आत बारीक नळी सरकवून, आत खरंच किती आवाज पोहोचतो हे मोजता येतं. प्रत्येक कानाचं भोक वेगळं असल्यामुळे संगणकावरच्या अंदाजात आणि प्रत्यक्षात फरक पडतो. सगळीकडे हे यंत्र नसतं. जिथे असेल तिथे मोजणी करून घ्या.

शिट्टी

शिट्टी वाजली की मशीन गेलं, असं नाही. आधी साचा पुन्हा नीट बसवा. थांबली नाही तर मशीन काढा, चालू ठेवूनच साच्याच्या आतल्या टोकाचं भोक बोटाने घट्ट बंद करा. शिट्टी थांबली तर मशीन आणि नळी ठीक आहेत, आवाज कानातून गळतोय: साचा सैल झालाय किंवा कानात मळ साठलाय. मळावर आदळून आवाज परत फिरतो, म्हणून ईएनटी डॉक्टरकडून कान तपासून घ्या. बोटाने बंद करूनही शिट्टी चालू राहिली तर नळीला चीर आहे किंवा दोष आतला आहे; तेव्हा आमच्याकडे आणा. जेवताना, जांभई देताना, कुणाला मिठी मारताना क्षणभर शिट्टी वाजली तर त्याला काही करायचं नसतं. गांधी टोपी, फेटा, कानटोपी किंवा डोक्यावरचा पदर माईकवर घासला तरी खरखर येते. कपडा जरा मागे सारायचा.

फोनचंही इथेच सांगतो. कानामागच्या मशीनचा माईक वर, कानाच्या मागे असतो. फोन नेहमीसारखा कानाच्या भोकावर धरला तर आवाज माईकपर्यंत नीट जात नाही. फोनचा वरचा भाग थोडा वर-मागे सरकवा, एक बोट अंतर ठेवा आणि स्पष्ट ऐकू येणारी जागा शोधा. स्पीकर चालू केला तरी चालतं. फक्त मग तुमचं बोलणं सगळं घर ऐकतं.

तेल, पाणी आणि पाऊस

आपल्याकडे कानात कोमट तेल घालायची पद्धत आहे. मशीन लावणाऱ्याने ती बंद करायची. तेल साच्यात आणि नळीत शिरतं, मळ मऊ होऊन भोकात बसतो आणि आवाज एकदम दबतो. डोक्याला तेल लावलं तर तासाभराने, हात धुऊन मशीन घाला. कानकोरणं आणि काडीही नको. त्यांनी मळ आत ढकलला जातो.

रोज रात्री मशीन कोरड्या सुती कापडाने पुसा आणि साच्याच्या भोकातला मळ सोबत मिळालेल्या छोट्या ब्रशने काढा. ब्रश करताना भोक खाली धरा, म्हणजे मळ बाहेर पडतो. आठवड्यातून एकदा साचा धुवा. तो असा: नळी मशीनच्या वाकड्या हुकापासून ओढून सोडवा, मशीन बाजूला ठेवा. नळीसकट साचा कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, रबरी पंपाने नळीतलं पाणी उडवा आणि रात्रभर वाळू द्या. तोंडाने फुंकू नका, श्वासातली वाफ आत जाते. सकाळी उजवा साचा उजव्या मशीनलाच लावा. मशीनला पाणी, स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावायचं नाही.

पाटण, जावळी, महाबळेश्वराकडे पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते, तिथे ही काळजी दुप्पट. नळीत पाण्याचा बारीक थेंब दिसला, किंवा आवाज मध्येच जाऊन पुन्हा येत असेल, तर तो दमटपणा आहे. रात्री मशीन ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते बदला किंवा डबीवर लिहिल्याप्रमाणे वाळवा. बॅटरी मात्र आधी बाहेर काढा, डबीत ती लवकर वाळते. तांदळाच्या डब्यात मशीन ठेवू नका, पीठ माईकमध्ये जातं. उन्हात, गॅसजवळ किंवा केस वाळवायच्या यंत्राखालीही नको. नदीकाठी राहत असाल तर पावसाळ्यात डबी आणि जादा बॅटऱ्या कागदपत्रांच्या पिशवीतच ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरासारखी घाई पुन्हा झाली तर शोधाशोध नको.

बॅटरी

या मशीनला बहुतेक वेळा १३ नंबरची, नारिंगी कागदाची बॅटरी लागते. ती हवेवर चालते. कागद काढला की हवा आत जाऊन ती जागी होते, म्हणून काढल्यावर दोनेक मिनिटं थांबून मगच मशीनमध्ये घाला. कागद परत चिकटवून ती झोपत नाही, तेव्हा आधीच काढून ठेवू नका. रोज दिवसभर वापरली तर साधारण दहा-बारा दिवस जाते. मशीन आणि आवाज यांवर ते कमी-जास्त होतं. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवायचं. त्याने मशीन बंद होतं आणि आतली ओलही निघते. चालू मशीन मुठीत झाकल्यावर शिट्टी वाजली तर बॅटरी चालू आहे.

बॅटरी आणि गोळ्या एका डबीत ठेवू नका. कमी दिसणाऱ्या माणसाने बीपीची गोळी म्हणून बॅटरी गिळल्याचे प्रकार होतात. लहान मुलाने गिळली, किंवा नाकात-कानात घातली, तर वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या.

मशीन बाजूला ठेवून आधी डॉक्टर

एका कानाचं ऐकणं दोन-तीन दिवसांत एकदम कमी झालं तर ते मशीनवर ढकलू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईएनटी डॉक्टर गाठा, कारण अशा वेळी उपचार लवकर सुरू झाले तरच गुण येण्याची शक्यता जास्त असते. खरोखर मशीनच बिघडलंय का, हे चटकन पाहायचं असेल तर ते दुसऱ्या कानाजवळ धरून ऐका. कानातून पू किंवा रक्त येणं, ठणका, चक्कर, एकाच कानात नव्याने सुरू झालेला सततचा आवाज यांतलं काही असेल तरी आधी तपासणी.

बाकी सगळं ठीक चाललं तरी नळी चार-सहा महिन्यांत कडक आणि पिवळी पडते, मग आवाज दबतो आणि साचा ओढला जातो. ती बदलून मिळते. नवीन नळी घातल्याची तारीख डबीच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवा. वर्षातून एकदा ऐकण्याची तपासणी पुन्हा करा, कारण कान बदललेले असतील तर मशीन जुन्याच मापावर चालू राहतं.